आहेराच्या वहीतली एक ओळ, आभाराच्या चार ओळी

सत्यनारायण आटोपतो, पाहुणे आपापल्या गावी पांगतात, मांडवाची देणीघेणी संपतात आणि मग घरात कुणीतरी आहेराची वही काढून बसते. डाव्या बाजूला नाव, उजव्या बाजूला वस्तू. ‘नागपूरच्या काकू – तांब्याची समई.’ ‘बाबांचे ऑफिस – भिंतीवरचे घड्याळ.’ ‘वरच्या मजल्यावरचे – काचेचे ग्लास, 6.’ वही भरणारा भाऊ किंवा भाचा स्टेजच्या बाजूला खुर्ची टाकून घाईत लिहीत असतो. त्याने एवढे लिहिले हेच पुष्कळ. पण नव्या जोडप्याला यातली निम्मी माणसे धड ओळखीचीही नसतात. काकू नक्की कुणाच्या कोण, समई त्यांनी विकत घेतली की घरातली दिली, हॉलमध्ये त्यांच्याशी आपण बोललो का, यातले काहीच आठवत नाही. चिठ्ठी मात्र लिहायची असते, आणि हाताशी पक्की अशी एकच गोष्ट असते: वस्तूचे नाव.

एवढ्यावर चांगली चिठ्ठी लिहिता येते. अट एकच. जे ठाऊक आहे त्यावरच प्रत्येक वाक्य उभे करायचे आणि जे ठाऊक नाही ते गोड शब्दांनी भरून काढायचे नाही. चिठ्ठी लहान ठेवायची तीही याचसाठी. चार ओळींत खरे सांगता येते. आठ ओळी करायला गेले की पाचवीपासून कल्पना सुरू होते.

सुरुवात कागदापासून करू नका, वस्तूपासून करा. वहीतली नोंद आणि समोरची वस्तू एकमेकींशी ताडून पाहा, कारण चिठ्ठीत वस्तूचे नाव चुकले तर पुढचे सगळे वाया जाते. वहीत ‘तांब्याची समई’ लिहिलेले असते आणि खोक्यातून पितळी निघते, हे नेहमीचे आहे. तांबे लालसर दिसते आणि पितळ पिवळे. कांसे फिकट पिवळे असते आणि कांशाच्या भांड्याला बोटाने टिचकी मारली तर नाद बराच वेळ घुमत राहतो. वरून पितळेसारखी दिसणारी वस्तू आतून लोखंडी असण्याची शंका आली तर लोहचुंबक लावून पाहा. पितळेला तो चिकटत नाही. चांदीच्या बाबतीत जास्त जपावे लागते. जर्मन सिल्व्हर या नावाच्या धातूत चांदी मुळीच नसते, तो तांबे, निकेल आणि जस्त यांचा मिश्रधातू असतो. त्याच्या वाटीला ‘चांदीची वाटी’ म्हटले तर देणारा ओशाळतो. उलट खऱ्या चांदीच्या वाटीचे नुसते ‘वाटी’ म्हणून आभार मानले तर देणाऱ्याला वाटते, यांना कळलेच नाही. खात्री नसेल तर धातूचे नाव न घेता जे डोळ्यांना दिसते ते लिहावे: ‘काठावर वेलीची नक्षी असलेली वाटी’. हे दोन्ही बाबतींत खरे ठरते.

साडीचेही तसेच. वहीत ‘पैठणी’ असे एका शब्दात लिहिलेले असते. हातमागावरच्या पैठणीचा पदर उलटा करून पाहिला तर मागची बाजूही जवळजवळ पुढच्यासारखीच स्वच्छ दिसते. यंत्रावर विणलेल्या पदराच्या मागे बहुधा धाग्यांच्या लांब ओढी दिसतात. ही परीक्षा चिठ्ठीसाठी करायची, किंमत काढण्यासाठी नव्हे. मागे धागे दिसले तर ‘पैठणी’ हा शब्द सोडून ‘मोरपंखी रंगाची, मोरांच्या पदराची साडी’ असे लिहिले की झाले. अस्सल असेल तर मात्र ‘पैठणी’ लिहायलाच हवे. इरकल असेल तर इरकल लिहा, खण असेल तर खण लिहा. ज्याला कापडातले कळते अशा बाईने साडी दिली असेल तर तिला ‘सुंदर साडी’ या दोन शब्दांपेक्षा ‘इरकल’ या एका शब्दाने जास्त आनंद होतो.

नाव पक्के झाले की वस्तू एकदा वापरा. या पायरीवर मी अडून बसते, कारण चिठ्ठीतले सगळ्यात चांगले वाक्य इथूनच मिळते. समई असेल तर तिचे भाग फिरवून जोडा, सपाट जागी ठेवा, डुगडुगते का पाहा, वातींसाठी किती खाचा आहेत ते मोजा, तेल घालून एका संध्याकाळी लावा. कढई असेल तर तिच्यात एक भाजी होऊ द्या. चादर असेल तर एक रात्र अंथरा. पुस्तक असेल तर पहिली दहा-वीस पाने तरी वाचा. आंब्याची पेटी असेल तर आढी उघडून दोन फळे कापल्याशिवाय लिहू नका. असे केले की लिहायला एक बारीक, खरी गोष्ट आपोआप सापडते. समईच्या वाटीला पाच खाचा आहेत आणि शेंड्यावर मान वळवलेला मोर आहे, हे वहीत कुठेच नसते. ते फक्त समई जोडणाऱ्या माणसाला दिसते. देणाऱ्याने ती घेताना तोच मोर पाहिलेला असतो. म्हणून तेवढे एक वाक्य वाचून त्याला कळते की वस्तू खोक्यातून बाहेर आली आहे.

सगळ्याच वस्तू आठवड्याभरात वापरून होत नाहीत. हिवाळ्याची दुलई मे महिन्यात कोण घेणार? नव्या घराचा ताबा मिळालेला नसेल तर घड्याळ लावणार कुठे? अशा वेळी वस्तू कुठे ठेवली आहे किंवा कुठे ठेवणार आहोत ते लिहायचे, पण ठरलेले असेल तरच. ‘घड्याळ नव्या घराच्या हॉलमध्ये लावायचे ठरवले आहे’ हे वाक्य घरातल्या दोघांचे एकमत झाल्यावर लिहावे. देणारी माणसे कधीतरी घरी येतात आणि त्यांचे डोळे भिंतीवर तेच घड्याळ शोधतात.

आता मायना. देणाऱ्याविषयी फारसे ठाऊक नसते तेव्हा खरी अडचण इथेच येते. समोरच्या माणसाचे नाते आणि वय माहीत असेल तर जुनी रीत सोपी आहे. आई-वडील, आजी-आजोबा अशा सख्ख्या वडीलधाऱ्यांना ‘ती.’ म्हणजे तीर्थरूप, आणि त्यांच्या मानाच्या इतर थोरांना ‘ती. स्व.’ म्हणजे तीर्थस्वरूप. त्याखाली ‘सा. न. वि. वि.’ म्हणजे साष्टांग नमस्कार, विनंती विशेष. बरोबरीच्यांना ‘स. न. वि. वि.’, त्यात साष्टांगच्या जागी सप्रेम येते. धाकट्यांना ‘चि.’ आणि ‘अनेक आशीर्वाद’. नागपूरच्या काकू असे वहीत असेल तर निदान नाते आणि वडीलपणा कळतो, म्हणून ‘ती. स्व. काकूंस, सा. न. वि. वि.’ हा मायना बेधडक चालेल.

पण वहीत नुसते आडनाव असेल तर? अशा वेळी ‘सप्रेम नमस्कार’ एवढेच लिहावे. ते थोराला कमी पडत नाही, बरोबरीच्याला जड होत नाही, आणि लिहिणारा पुरुष की बाई, वाचणारा एकटा की कुटुंब, याने त्यात फरक पडत नाही. संबोधन ‘तुम्ही’. औपचारिक ओळख असेल, बाबांचे साहेब असतील, तर ‘आपण’. ‘तू’ फक्त तिथेच जिथे समोरासमोरही ‘तू’ म्हणतो. पाकिटावर ‘श्री. व सौ.’ ठोकून द्यायची सवय मोडावी. काका दोन वर्षांपूर्वी गेलेले असतात, आपल्याला कुणी सांगितलेले नसते, आणि काकूंच्या हातात ‘श्री. व सौ.’ लिहिलेले पाकीट पडते. नुसते ‘सौ.’ही त्याच कारणाने धोक्याचे आहे. ‘श्रीमती’ लिहावे तर कार्यालयात ते कुणालाही चालते, पण घरगुती पत्रात बऱ्याच जणी ते विधवेसाठीच समजतात. या तिन्ही उपाध्या टाळून पूर्ण नाव आणि पुढे ‘यांस’ लिहिले की कुणाचे मन दुखत नाही. आईला एक फोन केला तर हे सगळे दोन मिनिटांत उलगडते, आणि तो फोन शक्य असेल तेव्हा करावाच. पण आईलाही माहीत नसलेली माणसे प्रत्येक लग्नात असतात.

मायना झाला की मजकूर. नागपूरच्या काकूंची समई धरून तो कसा तयार होतो ते दाखवते. बहुतेक जणी पहिल्यांदा जे लिहितात ते असे असते:

‘आपण दिलेल्या सुंदर भेटवस्तूबद्दल मनःपूर्वक आभार. आपले प्रेम आणि आशीर्वाद असेच आमच्या पाठीशी राहोत.’

यात चूक काहीच नाही आणि समईही कुठेच नाही. अशी चिठ्ठी तपासायला एक साधी युक्ती आहे. मजकूर तसाच ठेवून मनातल्या मनात समईच्या जागी प्रेशर कुकर ठेवायचा. चिठ्ठी तशीच उभी राहिली तर ती समईची नाही. वरची चिठ्ठी कुकरला चालते, चादरीला चालते, पाकिटालाही चालते. काकूंनी ती आपल्या जावेला दाखवली आणि जावेलाही तशीच आली असेल, तर दोघींना कळते की या छापील ओळी आहेत. मुळात ‘भेटवस्तू’ हा शब्दच चिठ्ठीत येऊ देऊ नये. ज्याचे नाव माहीत आहे त्याचे नाव घ्यावे.

हे लक्षात आल्यावर दुसऱ्या खेपेला हात उलट दिशेला जातो:

‘काकू, तुम्ही इतक्या प्रेमाने निवडलेली समई पाहून मला माझ्या आजीच्या देवघराची आठवण झाली. आम्हाला नेमकी समईच हवी होती. आम्ही ती रोज संध्याकाळी लावतो आणि तुमची आठवण काढतो.’

वाचायला ही चिठ्ठी पहिलीपेक्षा गोड आहे, आणि म्हणूनच जास्त फसवी आहे. एकेक वाक्य घेऊन विचारू या, हे कशावरून? ‘तुम्ही निवडलेली’ हे कशावरून? कदाचित काकूंच्या मुलाने येताना दुकानातून घेतली असेल. कदाचित त्यांच्याच घरी आलेली समई त्यांनी पुढे दिली असेल. तसे असेल तर ‘प्रेमाने निवडलेली’ हे शब्द त्यांना टोचतील, आणि आपल्याला त्याचा पत्ताही लागणार नाही. ‘आजीच्या देवघराची आठवण’ खरी असेल तर जरूर लिहावी, पण आजीकडे समई होती की निरांजन हेच आठवत नसेल तर ते वाक्य केवळ ओळ भरण्यासाठी आले आहे. ‘नेमकी समईच हवी होती’ हे वाक्य वहीत दोन समया असतील तर दुसरीच्या चिठ्ठीतही जाते, आणि दोन्ही घरे एकमेकांना ओळखत असतात. ‘रोज लावतो’ हे तर चौथ्या दिवशीच खोटे ठरते. काकू रात्री आठला फोन करतात आणि सहज विचारतात, ‘समई लावली का ग आज?’

आता जे ठाऊक आहे तेवढेच घेऊ. समई पितळी आहे. तिला पाच खाचा आहेत. शेंड्यावर मोर आहे. शुक्रवारी संध्याकाळी ती एकदा लावली. देवघराच्या उजव्या बाजूला ठेवली आहे. ती आवडली. काकू थोर आहेत आणि नागपूरला असतात. एवढ्या गोष्टींतून चिठ्ठी अशी होते:

ती. स्व. काकूंस,
सा. न. वि. वि.
तुम्ही दिलेली पितळी समई शुक्रवारी संध्याकाळी पहिल्यांदा लावली. पाचही वाती लावल्यावर वरचा मोर फार छान उजळतो. देवघराच्या उजव्या हाताला तिची जागा केली आहे. समई आम्हा दोघांना मनापासून आवडली. नागपूरला घरी सर्वांना आमचा नमस्कार.

आणि खाली दोघांची नावे. कुकरची युक्ती इथे लावून पाहा. पहिल्याच ओळीत अडते. यात समईच्या किमतीचा, काकूंच्या निवडीचा, लग्नाच्या धावपळीचा उल्लेख नाही. लग्नाचाच उल्लेख नाही, आणि तो लागतही नाही, कारण समई कोणत्या निमित्ताने दिली हे काकूंना माहीत आहे.

‘आभार’ हा शब्दही त्यात नाही, हे कुणाच्या लक्षात आले असेल. घरच्या थोरांना ‘आभारी आहे’ लिहिले की मराठी घरांत ते परक्यासारखे लागते. ‘आभार कसले मानतेस, परकी आहेस का?’ असे काकू म्हणणारच. नात्यातल्या माणसांना वस्तू मिळाली, वापरली, आवडली आणि नमस्कार, एवढ्यात आभार पोचतात. ऑफिसातली, सोसायटीतली, ओळखीपुरती माणसे असतील तिथे मात्र ‘मनापासून आभार’ हे दोन शब्द लिहावेत, कारण तिथे नमस्कारावर भागत नाही. ते शेवटी एकदाच लिहावेत. पहिल्या ओळीत एकदा आणि शेवटी परत एकदा आले की पावती लिहिल्यासारखे होते.

वाक्यांचा क्रम मी सहसा बदलत नाही: वस्तूचे नाव, तिच्यात दिसलेली एक गोष्ट, तिची जागा किंवा वापर, आवडल्याचे किंवा आभाराचे वाक्य. नाव पहिल्या वाक्यात आलेच पाहिजे, कारण वाचणारा तेच शोधत असतो. ते मिळाले की तो निश्चिंत होऊन पुढचे वाचतो. ‘आवडली’ हे वाक्य सुरुवातीला घेतले तर पोकळ वाटते. मोर आणि पाच वाती येऊन गेल्यावर तेच वाक्य पटते, कारण काय आवडले ते आधीच सांगून झालेले असते.

एक चूक मात्र फार होते आणि ती करणाऱ्याला दिसत नाही. लोक एक चांगली चिठ्ठी तयार करतात आणि मोबाइलवर तीच कॉपी करून वस्तूचे नाव तेवढे बदलतात. मराठीत क्रियापद वस्तूच्या लिंगाप्रमाणे आणि वचनाप्रमाणे चालते, त्यामुळे हा बदल लगेच उघडा पडतो. ‘तुम्ही दिलेली समई लावली’ यातली समई काढून घड्याळ टाकले की ‘दिलेली घड्याळ लावली’ असे होते. ग्लास घातले की ‘दिलेली ग्लास वापरली’. वाचणारा शिक्षक असो की किराणा दुकानदार, त्याच्या कानाला हे खटकते आणि आपल्या घड्याळाआधी दुसऱ्या कुणाची तरी वस्तू या वाक्यात होती हे त्याला कळून चुकते. म्हणून प्रत्येक चिठ्ठी पहिल्या शब्दापासून नव्याने लिहावी आणि पाठवण्याआधी एकदा मोठ्याने वाचावी. घड्याळ दिले, लावले. कुकर दिला, वापरला. कढई दिली, वापरली. ग्लास दिले, वापरले. वाट्या दिल्या, वापरल्या. मोठ्याने वाचताना हे कानच धरतो, डोळ्यांतून निसटते.

काही वस्तू अशा येतात की खरे लिहायचे तर काय लिहावे हे सुचत नाही. एक, न आवडलेली वस्तू. चकचकीत सोनेरी चौकटीतले प्लास्टिकच्या फुलांचे चित्र आले आहे आणि ते भिंतीवर लागणार नाही हे पहिल्याच मिनिटाला ठरले आहे. अशा वेळी ‘फार आवडले’ लिहू नये. तरीही लिहिण्यासारखे काहीतरी असतेच. रंग असतो, आकार असतो, हाताने केलेले काम असते, इतक्या लांबून जपून आणलेले असते. ‘फुलांचे चित्र मिळाले. एवढी मोठी काच तुम्ही साताऱ्याहून जपून आणलीत, त्याचे विशेष वाटले. मनापासून आभार.’ साताऱ्याहून आणले हे ठाऊक असेल तरच, अर्थात. नसेल तर ‘चित्रातल्या गुलाबांचा लाल रंग फार ठसठशीत आहे’ असे लिहावे. जागा सांगायचे वाक्य गाळावे. ते नसल्याचे कुणाच्या लक्षात येत नाही, पण खोटी जागा सांगितली तर ती पाहायला माणसे येतात.

दोन, एकसारख्या वस्तू. तीन घड्याळे आली म्हणून कुणालाही ‘आमच्याकडे अजून दोन आली आहेत’ असे लिहू नये, आणि बदलून घेण्याचा विचार असेल तर तोही चिठ्ठीत आणू नये. प्रत्येक घड्याळाकडे स्वतंत्र बघावे. एकाचे आकडे देवनागरीत असतात, दुसऱ्याची चौकट लाकडी असते, तिसऱ्याचा काटा आवाज करीत नाही. तिघांच्या चिठ्ठ्या आपोआप वेगळ्या होतात.

तीन, फुटून आलेली वस्तू. सहा ग्लासांतला एक खोक्यातच तडकलेला निघाला तर चिठ्ठी पाचांची लिहायची नाही आणि तडकलेल्याचीही नाही. ‘निळ्या काठाचे ग्लास’ लिहावे, आकडा गाळावा. देणाऱ्याने ते दुकानातून थेट कुरियरने पाठवले असतील आणि बदलून मिळणार असतील तर तेवढे फोनवर वेगळे सांगावे, आणि लवकर सांगावे. आभाराच्या चिठ्ठीत तक्रार एका ओळीची असली तरी वाचणाऱ्याला तीच ओळ आठवते.

पाकिटातला आहेर या सगळ्यात वेगळा पडतो, कारण तिथे पाहण्यासारखी वस्तूच नसते. रक्कम कधीही लिहू नये. वहीत 1101 असले तरी चिठ्ठीत फक्त ‘आहेर मिळाला’. वापराचे वाक्य लिहिता आले तर चिठ्ठी चांगली होते, पण पैसे खरोखरच तिकडे वळवले असतील तरच: ‘तुमच्या आणि इतरांच्या आहेरातून स्वयंपाकघराची मांडणी करून घेतली.’ नाहीतर आहेर, आभार आणि नमस्कार, तीन वाक्यांत संपवावे. सगळ्या ऑफिसने मिळून घड्याळ दिले असेल तर चिठ्ठी एकाच्या नावाने लिहू नये. ‘आपण सर्वांनी मिळून दिलेले घड्याळ’ असे लिहून ज्याने वर्गणी गोळा केली त्याच्याकडे पाठवावी आणि सर्वांना वाचून दाखवायला सांगावे.

सही कुणाची, हा प्रश्न छोटा वाटतो पण त्यावरून घरात बोलणी होतात. ज्याच्या बाजूचा माणूस त्याने लिहावे आणि नावे दोघांची घालावीत. मजकुरात ‘मी’ आणि ‘आम्ही’ यांची सरमिसळ होऊ देऊ नये. वरच्या चिठ्ठीत ‘आम्हा दोघांना’ आहे, तर ‘आमचा नमस्कार’ असेच हवे, ‘माझा नमस्कार’ नको. नवऱ्याच्या बाजूच्या, कधी न पाहिलेल्या आत्याला नव्या सुनेने स्वतःच्या हाताने एक ओळ जोडली तर आत्याला बरे वाटते, पण तीही वस्तूबद्दलच असावी. ‘खणाची चोळी मला नेमकी मापाची झाली’ ही ओळ, झाली असेल तर, एकट्या सुनेलाच लिहिता येते.

पाठवायची कशी? थोरांना हाताने लिहिलेली, हे माझे ठाम मत. पोस्टकार्डावर चार-पाच ओळींचा मजकूर मोकळेपणाने मावतो, आणि जागा कमी असल्यामुळे लांबण लागत नाही. पण पोस्टकार्ड घरातले सगळेच वाचतात, म्हणून पाकिटातल्या आहेराबद्दल किंवा दागिन्याबद्दल ते वापरू नये. त्यासाठी बंद पाकीट. पत्त्याखाली सहा आकडी पिनकोड घालायला विसरू नका. वहीत पत्ता नसतोच, तो आमंत्रणाच्या यादीत मिळतो. बाकीच्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायला हरकत नाही. तिथे वस्तूचा फोटो जोडता येतो, पण फोटो जोडला म्हणून वाक्य गाळायचे नाही. आणि फोटो खोक्यातल्या वस्तूचा पाठवू नये. समई लावलेली, घड्याळ भिंतीवर, साडी नेसलेली, असा असावा. सगळ्यांना मिळून एकच संदेश कुटुंबाच्या ग्रुपवर टाकणे टाळावे. तिथे कुणी काय दिले याची तुलना सुरू होते, आणि ज्याची वस्तू यादीतून राहिली तो दुखावतो.

मुदतीचे म्हणाल तर सत्यनारायणानंतरच्या पंधरा दिवसांत सगळ्या गेल्या तर उत्तम, महिन्यात गेल्या तरी चालते. आंबे, मिठाई, फुले यांना एवढी सवड नाही, ती संपण्याआधी लिहावे. रोज रात्री जेवणानंतर पाच लिहिल्या तर शंभर नोंदींची वही तीन आठवड्यांत संपते. एकाच बैठकीत वीस लिहायला घेतल्या की विसावी पहिलीसारखीच निघते. उशीर झालाच असेल तर चिठ्ठीत त्याची कारणे देत बसू नये. तीन महिन्यांनी लिहिण्यात एक सोय आहे, वस्तू एव्हाना वापरात आलेली असते. ‘तुम्ही दिलेल्या कढईत गेल्या रविवारी पुरणपोळीबरोबरची कटाची आमटी केली’ असे लिहिणाऱ्याला उशिराबद्दल कुणी विचारत नाही.

पाठवलेल्या प्रत्येक चिठ्ठीपुढे वहीत खूण करा आणि तिच्यातला वस्तूचा नेमका शब्दही तिथेच लिहून ठेवा: ‘तांब्याची’ खोडून ‘पितळी, मोराची’. काकूंच्या घरी पुढे कार्य निघेल तेव्हा त्यांनी काय दिले होते ते पाहायला हीच वही उघडली जाते, आणि त्या वेळी भाच्याच्या घाईतल्या नोंदीपेक्षा तुमची नोंद जास्त कामाची ठरते.